उकडीच्या मोदकांची आगाऊ नोंदणी: पोस्ट टाकण्याआधी जरा तपासून द्याल का?

मृद्गंध (१३ ऑगस्ट २०२५, रात्री ९:४०)

गेल्या वर्षी पहिल्यांदाच चतुर्थीला मोदकांच्या ऑर्डरी घेतल्या आणि सकाळी साडेअकराला दारात सात माणसं उभी होती. आत मी उकड मळतेय, बाहेर नवरा सगळ्यांना "पाचच मिनिटं" म्हणतोय. त्यातल्या एकांकडे गुरुजी येऊन बसलेले. ४२ डबे कबूल केले होते, म्हणजे साडेचारशेच्या वर मोदक. का कबूल केले ते विचारू नका, नाही म्हणता आलं नाही.

यंदा चतुर्थी बुधवारी, २७ तारखेला आहे. सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला पोस्ट लिहिली आहे. पुण्यात राहते, घरूनच करते. चुका काढा.

"उकडीचे मोदक, ११ चा डबा ४४० रुपये. फक्त ३० डबे. नोंदणी २५ ऑगस्टपर्यंत. डबा २७ तारखेला सकाळी ८ ते ११ मध्ये घरी येऊन न्यावा. निम्मे पैसे आगाऊ यूपीआयने भरून स्क्रीनशॉट पाठवावा, उरलेले डबा नेताना द्यावेत."

---

पेठकर (१३ ऑगस्ट, रात्री १०:०५)

पोस्ट ठीक आहे. ८ ते ११ च्या जागी एक-एक तासाच्या तीन वेळा करा. गूगल फॉर्म बनवा, लोक आपापली वेळ निवडतील, एक वेळ भरली की तो पर्याय आपोआप बंद. तुम्हाला काही करायला नको.

---

दर्याकाठी (१३ ऑगस्ट, रात्री १०:३१)

पेठकर, फॉर्म आपोआप काही बंद करत नाही हो. मी रत्नागिरीला आमरसाच्या नोंदणीसाठी केला होता. एकाच वेळेला २६ जणांनी टिचकी मारली आणि फॉर्म सगळ्यांना "आपली नोंद झाली" म्हणत बसला. त्याला वेगळी जोडणी लावावी लागते, नाहीतर आपण स्वतः लक्ष ठेवून पर्याय काढायचा.

बाकी मृद्गंध, ११ चाच डबा का? आमच्याकडे नैवेद्याला २१ लागतात. दोन डबे घेतले तर २२ होतात आणि सासूबाई मोजून बघतात.

---

वाळवंटातला मराठी (१३ ऑगस्ट, रात्री ११:५०)

ताई, दुबईला पाठवाल का? दोन डबे. इथे गोठवलेले मिळतात, पण वाफवल्यावर तळ फाटतो आणि सारण पाण्यात. भावाच्या सामानातून आले तरी चालतील, तो २५ ला निघतोय.

---

मृद्गंध (१४ ऑगस्ट, सकाळी ७:१०)

दादा, २५ ला निघणाऱ्या माणसाबरोबर २७ चे मोदक कसे देऊ? ओला नारळ आहे त्यात. केलेल्या दिवशीच संपवायचे असतात. सुक्या खोबऱ्याचे तळणीचे करून घ्या कुणाकडून, ते प्रवासात टिकतात.

दर्याकाठी, २१ चा मुद्दा एकदम बरोबर, ८४० ला ठेवते. पण मग "३० डबे" या आकड्याला अर्थच उरत नाही, नाही का?

---

नलूकाकू (१४ ऑगस्ट, दुपारी २:२०)

उरत नाहीच. मर्यादा डब्यांत लिहायची नाही, मोदकांत मोजायची. मी डोंबिवलीत १९ वर्षं चतुर्थीचे मोदक दिले, गुडघ्यांनी संप केला म्हणून थांबले. तुझ्या पोस्टीत सगळ्यात मोठी चूक त्या ३० मध्येच आहे, म्हणून आधी मला सांग: वळायला कोण कोण बसणार, आणि कोण किती वेळ?

---

मृद्गंध (१४ ऑगस्ट, दुपारी ३:००)

मी, मदतीला येणाऱ्या एक मावशी (त्यांचा हात फार सुरेख आहे), आणि सासूबाई, पण त्यांना दोन तासांच्या वर मांडी घालून बसवत नाही. तीन मजली मोदकपात्र आहे, एका वेळी ३६ राहतात.

---

नलूकाकू (१४ ऑगस्ट, दुपारी ४:१५)

पात्राची काळजी नको. दहा-बारा मिनिटांत एक घाणा उतरतो, ते कधीच अडत नाही. अडतात ते हात.

चांगला वळणारा हात तासाला ३० मोदक करतो. पारी करायची, चव भरायची, कळ्या काढायच्या, मिटायचं, याला दोन मिनिटं लागतातच. मावशी ३० धर. सासूबाई २०, दोन तास. आणि तू? तू ३० धरू नकोस. उकड तू काढणार, पात्र तू बघणार, डबे तू भरणार आणि फोनही तूच घेणार. तू १५.

साडेचारला पहिली उकड मळून तयार असेल आणि साडेनऊला शेवटचा मोदक वळून होईल असं समज, म्हणजे पाच तास. मावशींचे कागदावर १५० होतात, पण दोन तासांनंतर बोटं मंदावतात म्हणून १३० घे. सासूबाईंचे ४०. तुझे ७५. झाले २४५. त्यातले दहाला एक फुटतात, चिरतात किंवा नाक वाकडं होऊन बसतात, ते विकायचे नाहीत. राहिले २२०. त्यातून तुझ्या घरचे २१ काढ.

म्हणजे विकायला २०० सुद्धा नाहीत. तू ३३० विकायला निघाली आहेस.

---

मृद्गंध (१४ ऑगस्ट, दुपारी ४:२२)

काकू 😶

---

पेठकर (१४ ऑगस्ट, सायंकाळी ६:४०)

साचा वापरा की. दुप्पट होतील.

---

नलूकाकू (१४ ऑगस्ट, सायंकाळी ७:३०)

होतात दुप्पट, खोटं नाही. पण साच्यातून अख्खा सुटायचा तर पारी जाड ठेवावी लागते. खाणाऱ्याच्या तोंडात आधी पीठ येतं, मग चव. मी दोन वर्षं करून पाहिले, तिसऱ्या वर्षी जुनी गिऱ्हाइकं "यंदा कोण होतं मदतीला?" असं विचारायला लागली.

---

दर्याकाठी (१४ ऑगस्ट, रात्री ८:१२)

माझं मत वेगळं आहे काकू. साच्यातले म्हणून सांगून कमी दराने द्यावेत. ज्यांना मुलांच्या डब्याला हवेत ते आनंदाने घेतात. आमच्या शेजारची बाई अगदी तशीच विकते आणि तिचे उरत नाहीत. फक्त न सांगता मिसळू नयेत.

---

नलूकाकू (१४ ऑगस्ट, रात्री ८:४०)

सांगून दिले तर माझी हरकत नाही. मला आवडत नाहीत एवढंच.

आता वेळा. "८ ते ११" असं मोघम लिहिलं की निम्मे लोक आठला येतात, उरलेले पावणेअकराला, आणि मधे कुणीही नाही. शिवाय यंदा पूजेची मध्यान्हाची वेळ साधारण ११ ते दीड असली, तरी गुरुजींना एका दिवसात वीस घरं असतात. कुणाकडे ते पहाटे साडेपाचलाच येतात, कुणाकडे बाराला. त्यामुळे लोकांना वेळ आपण द्यायची, पण तुझ्या हातून तोपर्यंत जेवढे उतरतात तेवढीच द्यायची. सासूबाई पहिल्या दोन तासांतच बसणार, म्हणून सगळ्यात जास्त माल सकाळी निघतो. साडेसहा ते साडेसातला ९० मोदक. आठ ते नऊला ६०. साडेनऊ ते साडेदहाला ४५, कारण तोवर तुम्ही दोघीच उरता आणि दमलेल्या असता.

गेल्या वर्षी तुझं नेमकं उलटं झालं असणार. सगळ्यांना शेवटची वेळ दिली असशील.

---

मृद्गंध (१४ ऑगस्ट, रात्री ९:०५)

हो. ४२ पैकी २९ जणांनी "साडेदहाला येतो" म्हटलं आणि मी "चालेल" म्हटलं. मला वाटलं, तेवढाच जास्त वेळ मिळेल.

दोन वेळांच्या मधे अर्धा तास रिकामा ठेवलाय तो कशासाठी? तेवढ्यात आणखी एक वेळ बसेल ना?

---

नलूकाकू (१४ ऑगस्ट, रात्री ९:३०)

तो उशिरा येणाऱ्यांचा आणि निवायचा वेळ. पात्रातून काढलेला मोदक लगेच डब्यात घालून झाकण लावलंस की वाफेचं पाणी होऊन खाली साचतं आणि बूड चिकटतं. घरी जाऊन उचलायला गेलं की चव डब्यात आणि नाक हातात. दहा-पंधरा मिनिटं ताटात उघडे ठेवायचे, वर पातळ ओलं फडकं, आणि मग केळीच्या पानावर मांडायचे. उलट फार वेळ उघडे राहिले तर पारी सुकून तडकते.

---

अवंती_क (१५ ऑगस्ट, सकाळी ८:५०)

मी गिऱ्हाईक म्हणून बोलते. आमच्या इथल्या एक बाई चतुर्थीच्या दोन दिवस आधीपर्यंत नोंद घेतात. तुम्ही २५ लिहिलंय तेही ठीक वाटतं. लवकर बंद केलंत तर माझ्यासारखे आळशी लोक राहतात बाजूला.

---

मृद्गंध (१५ ऑगस्ट, सकाळी ९:४०)

त्यात अडचण नारळाची आहे. एका मध्यम नारळात माझे दहा-अकरा मोदक होतात, म्हणजे २२ नारळ तरी हवेत. गणपतीच्या आठवड्यात भाव रोज चढतो, म्हणून शनिवारी, २३ लाच आणायचे आहेत. आंबेमोहोर धुऊन, सावलीत वाळवून गिरणीत द्यायचा, त्यालाही दोन दिवस. तीन-सव्वातीन किलो पिठी लागेल. २५ ला नोंदी संपल्या तर मी सगळं अंदाजाने आणलेलं असणार.

मग शुक्रवार, २२ ऑगस्ट, रात्री ९ असं करते. काकू, चव आदल्या दिवशी केली तर चालते ना?

---

नलूकाकू (१५ ऑगस्ट, सकाळी ११:००)

चालते. मंगळवारी संध्याकाळी शिजव, पूर्ण गार कर, मग फ्रिजमध्ये. त्या दिवशी हरतालिका आहे, तुझा उपास असेल तर चाखून बघायला दुसरं कुणी बसव. गूळ नारळागणिक बदलतो. उकड मात्र रात्री काढून ठेवू नकोस, कुणी कितीही सांगितलं तरी. सकाळी पारीला कडेने चिरा पडतात.

आणि तारखेपुढे "किंवा मोदक संपेपर्यंत, जे आधी होईल ते" हे शब्द घाल. नाहीतर २२ ला रात्री आठ पन्नासला भांडण होईल.

---

हिशेबनीस (१५ ऑगस्ट, दुपारी १:१५)

पैशाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. बँकेत काम करतो.

पहिलं, निम्मे आगाऊ आणि निम्मे दारात, हे काढून टाका. दारात ४२० रुपयांसाठी माणूस फोन काढणार, नेट शोधणार, तुम्ही पिठाच्या हातांनी आवाजाची वाट बघणार. रांग तिथेच लागते. पूर्ण पैसे आगाऊ घ्या.

दुसरं, क्रम उलटा करा. तुमच्या पोस्टीत लोक आधी पैसे भरतात आणि मग तुम्हाला कळवतात. साडेसहाच्या वेळेचे ९० भरले आणि त्यानंतर चौघांनी पैसे पाठवले, तर ते तुम्हाला परत करत बसावं लागेल. आधी त्यांनी मोदकांची संख्या आणि वेळ कळवावी. तुम्ही जागा बघून क्रमांक आणि रक्कम द्यावी. मगच पैसे.

---

पेठकर (१५ ऑगस्ट, दुपारी १:४०)

स्क्रीनशॉट मागवले की पुरे. त्यावर तारीख, रक्कम सगळं येतं.

---

हिशेबनीस (१५ ऑगस्ट, दुपारी २:३०)

येतं, पण ते समोरच्याच्या फोनवरचं चित्र आहे. खोटा स्क्रीनशॉट बनवता येतो, आणि खरा असला तरी कधी कधी तो "प्रक्रिया सुरू आहे" असा असतो आणि घाईत कुणी वाचत नाही. पैसे आले का ते आपल्या खात्यात बघायचं. तिथे प्रत्येक व्यवहाराला १२ आकडी यूटीआर क्रमांक असतो, तोच पाठवणाऱ्याच्या ॲपमध्येही दिसतो. त्याचे शेवटचे चार आकडे मागवा. ४४० रुपये पंधरा जणांकडून आले की कुणाचे कोणते हे नावावरून लागत नाही, कारण निम्म्या बायका नवऱ्याच्या फोनवरून भरतात.

पैसे कापले गेले पण तुम्हाला पोचले नाहीत असं झालं, तर त्यांनी त्याच रात्री पुन्हा भरू नयेत. माणसाकडून माणसाला पाठवलेले असे अडकलेले पैसे नियमाप्रमाणे बँकेने दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत करायचे असतात. तोवर तुम्ही त्यांची जागा धरून ठेवा.

तुमचा क्यूआर कुणाच्या नावावर आहे?

---

मृद्गंध (१५ ऑगस्ट, दुपारी ३:१०)

नवऱ्याच्या 🙈 गेल्या वर्षी तिघांनी "हे नाव कुणाचं?" म्हणून फोन केले होते. पोस्टीत लिहून टाकते. आणि हो, "पैसे घ्यायला पिन टाका" असा फोनही आला होता. नवऱ्याने टाकला नाही, नशीब.

---

पेठकर (१५ ऑगस्ट, सायंकाळी ५:००)

बरं, यूटीआर मान्य. पण घरगुती करता तर अन्नाच्या परवान्याची भानगड नसते, एवढं तरी बरं आहे.

---

नलूकाकू (१५ ऑगस्ट, सायंकाळी ५:४५)

असते. घरून विकलं तरी अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. छोट्या उलाढालीला साधी नोंदणी पुरते. माझी होती. मृद्गंध, तुझी?

---

मृद्गंध (१५ ऑगस्ट, सायंकाळी ६:२०)

मार्चमध्ये केली. चौदा आकडी क्रमांक डब्यावर लावते.

आता खरा अवघड प्रश्न. गेल्या वर्षी आदल्या दिवशी दोघांनी रद्द केलं. एकांना अचानक बाहेरगावी जावं लागलं, दुसऱ्यांना सुतक आलं. दोघांना पैसे परत दिले आणि ३३ मोदक आम्ही आणि वॉचमन दादांनी खाल्ले. २२ नंतर पैसे परत नाहीत असं लिहू का? सुतक आलेल्या घराला असं सांगायला जीभ रेटत नाही.

---

अवंती_क (१५ ऑगस्ट, रात्री ९:१५)

लिहा. ज्याच्या घरी दुःख आहे तो ४४० रुपयांसाठी फोन करत नाही. आणि करतोय तर त्याला गरज आहे असं समजून द्या. नियम लिहिलेला असला तरी वाकवणं तुमच्या हातात आहेच.

---

दर्याकाठी (१५ ऑगस्ट, रात्री ९:४०)

मला नाही पटत. एकाला वाकवलं की ग्रुपवर कळतं, मग "त्यांना दिले, आम्हाला का नाही". त्यापेक्षा प्रतीक्षायादी ठेवा. रद्द झालेला डबा यादीतल्या कुणी घेतला तर पूर्ण पैसे परत, नाही घेतला तर नाही. कारण कुणी कुणाला सांगायचं नाही.

---

नलूकाकू (१५ ऑगस्ट, रात्री १०:१०)

मी कायम परत दिले. धंदा म्हणून चूकच होती ती.

---

मृद्गंध (१६ ऑगस्ट, सकाळी १०:००)

सगळ्यांचं ऐकून पुन्हा लिहिली. आज दुपारी टाकते.

"उकडीचे मोदक, हाताने वळलेले. ११ चा डबा ४४० रुपये, २१ चा ८४०. यंदा फक्त १९५ मोदक देऊ शकते, एका घराला जास्तीत जास्त २१.

नोंदणी शुक्रवार, २२ ऑगस्ट रात्री ९ पर्यंत, किंवा मोदक संपेपर्यंत, जे आधी होईल ते.

डबा न्यायच्या वेळा, बुधवार २७ ऑगस्ट: सकाळी ६:३० ते ७:३०, ८ ते ९, आणि ९:३० ते १०:३०. प्रत्येक वेळेला मोदक मोजके आहेत. पहिल्या वेळेत सगळ्यात जास्त.

आधी मला फक्त संख्या आणि वेळ कळवा. जागा असेल तर मी नोंदणी क्रमांक आणि रक्कम कळवेन. त्यानंतर दोन तासांत पूर्ण पैसे भरा (क्यूआरवर माझ्या यजमानांचं नाव दिसेल) आणि यूटीआरचे शेवटचे चार आकडे पाठवा. मी खात्यात पाहून 'पक्कं' असं लिहीन. 'पक्कं' आल्याशिवाय नोंद झाली असं समजू नका. दारात पैसे घेणार नाही.

२२ नंतर रद्द केल्यास तो डबा प्रतीक्षायादीतल्या कुणी घेतला तरच पैसे परत. डबा आडवा धरून न्या, त्याच दिवशी दुपारपर्यंत खा."

---

पेठकर (१६ ऑगस्ट, सकाळी १०:२०)

"आडवा धरून" म्हणजे? डबा आडवा झाला तर मोदक पडतील ना.

---

मृद्गंध (१६ ऑगस्ट, सकाळी १०:२४)

अरे हो! "सपाट धरून" करते. आणि पार्सलवाल्याच्या दुचाकीवरून मागवू नका असंही घालते, गेल्या वर्षी एक डबा उभा गेला होता.

---

मृद्गंध (२७ ऑगस्ट, दुपारी ४:३०)

झालं. आत्ता बसले.

नोंदणी १८ लाच संपली, २२ ची गरजच पडली नाही. साडेसहाची वेळ आधी कुणालाच नको होती, पण उरलेल्या दोन भरल्यावर लोकांनी घेतली. काकू, सासूबाई दोन नाही, तीन तास बसल्या, ऐकतच नव्हत्या, त्यामुळे १४ मोदक जास्त झाले. २२ नारळांतले दोन खवट निघाले. ऐन वेळी वरच्या मजल्यावरून एक आणला.

११ चा एक डबा साडेदहापर्यंत नेला नाही. फोन बंद. ते गृहस्थ एक वाजता आले, मूर्ती आणताना मिरवणुकीत अडकले होते. मोदक गार होऊन घट्ट झाले होते. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, पाच मिनिटं वाफेवर ठेवा, असं सांगून दिले. पुढच्या वेळी किती वाजेपर्यंत डबा राखून ठेवायचा तेही लिहायला हवं.

आणि २५ ला एका घरी सुतक आलंच. प्रतीक्षायादीत तिघं होते, दहा मिनिटांत डबा गेला आणि पैसे परत केले. यादीत कुणी नसतं तर काय केलं असतं, ते अजूनही सांगता येत नाही.

---

वाळवंटातला मराठी (२७ ऑगस्ट, सायंकाळी ७:०५)

ते १४ जास्त झाले म्हणालात, ते आहेत का अजून? भावाचं विमान उद्यावर गेलंय.

---

मृद्गंध (२७ ऑगस्ट, सायंकाळी ७:१२)

दादा, वॉचमन दादांना विचारा.